तारा पुसल्या, हात पुसला, घोडाही पुसला

काका, मी नववीत आहे. आमची शाळा फलटण तालुक्यात आहे आणि शाळेत फोटोग्राफी क्लब आहे. यंदा स्पर्धेचा विषय 'वारी' होता. माझ्या मैत्रिणीने चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणाचा फोटो दिला. सगळ्यांना तो फार आवडला. नंतर कळलं, की तिने विजेच्या तारा, कोपऱ्यातला मोबाइल धरलेला एक हात आणि दोनांपैकी एक घोडा फोनवरच पुसून टाकला होता. एका मुलाने सूर्यास्ताच्या फोटोत बगळ्यांचा थवा चिकटवला होता. सर म्हणाले, एडिटिंग म्हणजे फसवणूक, दोन्ही फोटो बाद. मुलं म्हणतात, मग क्रॉप केलेले फोटो कसे चालतात? तेही एडिटिंगच ना? आता सरांनी मलाच क्लबसमोर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय: फोटोतून प्रामाणिकपणे काय काढता येतं आणि त्यात काय घालता येतं. मलाच ते नीट कळलेलं नाही. काय बोलू?
– नववीतली एक वाचक

बाळ,

क्रॉपच्या प्रश्नापासूनच सुरुवात कर. मुलांनी नेमकं अवघड जागी बोट ठेवलंय. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे काहीही सांगितलंस तरी त्यांना ते पटणार नाही. आणि त्यासाठी तुला एक खरी घडलेली हकीकत सांगता येईल.

२०१० साली 'वर्ल्ड प्रेस फोटो' या स्पर्धेत स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराला क्रीडा विभागात बक्षीस मिळालं. बातमीच्या फोटोंसाठी जगात ही स्पर्धा फार मानाची समजतात. विषय होता कीव शहरातल्या रस्त्यावरच्या लढती. त्यातल्या एका फोटोत लढतीआधी एकाच्या हाताला पट्टी गुंडाळली जातेय. हात अगदी जवळून दिसतो. फोटो काळापांढरा, दाणेदार आणि कडेने गडद. पुढे परीक्षकांनी त्याची मूळ फाइल मागवली. मूळ फोटो रंगीत होता आणि बराच मोठा होता, आजूबाजूची माणसंही त्यात होती. रुदिकने त्यातला लहानसा तुकडा कापून घेतला होता, रंग काढला होता, दाणे आणि काळोख वाढवला होता. एवढं सगळं परीक्षकांनी चालवून घेतलं. पण हाताच्या मागे दुसऱ्या कुणाच्या तरी पावलाचा एक बारीकसा भाग दिसत होता, तो रुदिकने पुसला होता. त्या एवढ्याशा पावलासाठी बक्षीस काढून घेतलं गेलं.

हे दोन फोटो इंटरनेटवर शेजारी शेजारी सापडतील. ते आधी दाखव आणि मुलांनाच विचार, यात गैर काय झालं? बहुतेक जण क्रॉपकडे बोट दाखवतील, कारण डोळ्यांना तो बदल प्रचंड दिसतो. पाऊल कुणाच्या लक्षातही येणार नाही. मग तू कारण सांग.

फोटोला चार कडा असतात आणि त्या कडांबाहेर जग आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं. फोटोग्राफर कुठे उभा राहिला, कोणती लेन्स लावली, कुठे कापलं, ही त्याची निवड आहे हे आपण न सांगता धरूनच चालतो. फोटो काळापांढरा असेल तर त्या दिवशी जग काळंपांढरं होतं असं कुणी समजत नाही. म्हणजे हे बदल उघड आहेत. पण कडांच्या आत जे दिसतंय ते तिथे होतं आणि जे दिसत नाही ते तिथे नव्हतं, एवढा विश्वास बघणारा टाकतो. पाऊल पुसल्यावर तिथे जी जमीन दिसते ती कॅमेऱ्याने कधी पाहिलेलीच नाही. शेजारच्या जमिनीचा तुकडा उचलून तिथे बसवलेला आहे. आणि फोटो बघून कुणालाही ते कळणार नाही. पाऊल महत्त्वाचं होतं की नव्हतं हा प्रश्नच येत नाही. एकदा 'बिनमहत्त्वाचं' पुसायची परवानगी दिली, की काय महत्त्वाचं हे पुसणारा ठरवणार आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

इथे एक पुस्ती जोड, नाहीतर मुलं समजतील की कापण्याला कसलंच बंधन नाही. रिंगणाच्या एका टोकाला दाटी आहे आणि दुसरं टोक मोकळं पडलंय. तू दाटीचा तुकडा कापून घेतलास आणि खाली लिहिलंस, 'मुंगी शिरायला जागा नव्हती', तर पुसलं काहीच नाही, तरी वाक्य खोटं झालं. अशा वेळी चूक कात्रीची नसते, फोटोखालच्या ओळीची असते. ती ओळही फोटोचाच भाग आहे हे क्लबमध्ये फारसं कुणी बोलत नाही, म्हणून तू बोल.

यानंतर सरांच्या वाक्याकडे वळ. सरांचा धाक मोडायचा नाही, पण 'एडिटिंग म्हणजे फसवणूक' हे जसंच्या तसं उभं राहत नाही, आणि ते आदराने सांगता येतं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा धुळीचा कण उपयोगी पडेल. लेन्स बदलताना बारीक धूळ आत जाते आणि सेन्सरच्या वरच्या काचेवर बसते. फोटोत, विशेषतः मोकळ्या आभाळात, एक धूसर करडा ठिपका दिसतो. लेन्सचं छिद्र लहान केलं, म्हणजे एफ/१६ वगैरेवर नेलं, की तो ठळक होतो. मोठ्या छिद्रावर, एफ/२.८ ला, जवळजवळ नाहीसा होतो. क्लबच्या कॅमेऱ्याने हे आधी करून बघ. एफ/१६ लावून आभाळाचे पाच-सहा फोटो काढ, दरवेळी कॅमेरा थोडा वळव. ठिपका धुळीचा असेल तर प्रत्येक फोटोत चौकटीतल्या त्याच जागी असेल. लांबवर उडणारी घार असेल तर तिची जागा बदलेल.

ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण दिसायला दोन्ही ठिपके सारखेच आहेत आणि पुसण्याची कृतीही तीच आहे. धुळीचा ठिपका पुसलास तर फोटो त्या दिवशीच्या आभाळाच्या जास्त जवळ जातो, कारण तो ठिपका आभाळात नव्हताच, तुझ्या यंत्रात होता. घार पुसलीस तर फोटो त्या आभाळापासून लांब जातो. म्हणून कडक नियमांच्या स्पर्धाही धूळ आणि जुन्या निगेटिव्हवरचे ओरखडे काढू देतात. ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट आले तर व्हाइट बॅलन्स दुरुस्त करणं, तिरकं आलेलं क्षितिज सरळ करणं हेही त्याच जातीचं काम आहे. यंत्राने जे चुकवलं ते निस्तरायचं.

सावलीतला चेहरा थोडा उजळणं आणि भगभगीत आभाळ थोडं दाबणं डार्करूमच्या काळापासून चालत आलंय. तेव्हा निगेटिव्ह मोठी करून कागदावर उमटवणाऱ्या एनलार्जरच्या प्रकाशात हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवून ते करत. याला मर्यादा मात्र आहे. कोपरा दाबत दाबत इतका काळा केला की तिथे उभा असलेला माणूसच अंधारात गेला, तर तो माणूस पुसल्यासारखाच. पुसण्याचं 'क्लोन' टूल वापरलं नाही ही सबब तिथे चालत नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था तर याहून कडक आहे. फ्लॅशमुळे लाल दिसणारे डोळेसुद्धा ती दुरुस्त करू देत नाही. लाल डोळा खरं तर यंत्राचाच दोष आहे. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येतो. माझ्या मते घरच्या वाढदिवसाच्या फोटोत तो खुशाल काढावा. वृत्तसंस्था नाही म्हणते, कारण जगभरातले शेकडो लोक तिला फोटो पाठवतात आणि प्रत्येकाच्या तारतम्यावर तिला अवलंबून राहायचं नसतं.

आता तुझ्या मैत्रिणीचा फोटो. तिने तीन गोष्टी पुसल्या आणि तिन्हींचा न्याय वेगळा होतो. भाषणाचा मधला भाग यालाच दे.

तारा. वारीच्या वाटेवर तारा आहेत, खांब आहेत, फ्लेक्स आहेत. चांगल्या फोटोच्या आड त्या येतात हे मी जाणतो, वर्तमानपत्राच्या फोटो विभागात असताना त्यांनी मलाही छळलंय. तारा पुसल्याने रिंगणाबद्दल कुणाचा मोठा गैरसमज होणार नाही हे खरं. तरी 'वारी' या विषयावरची स्पर्धा म्हणजे जे घडलं ते दाखवण्याची स्पर्धा, आणि तिथे तारा राहायला हव्यात. त्या टाळायच्या तर फोटो काढतानाच. रिंगणात दोन्ही बाजूंना वारकरी ओळीने उभे असतात आणि मधून घोडे धावतात. उभं राहून कॅमेरा वर केला की आभाळ जास्त येतं आणि आभाळाबरोबर तारा येतात. एखाद्या ट्रॉलीवर किंवा उंचवट्यावर चढून कॅमेरा किंचित खाली झुकवला, की मागे आभाळाऐवजी टोप्यांची आणि पताकांची गर्दी येते. तारा चौकटीच्या वर राहतात. हे आधी जाऊन, जागा धरून करावं लागतं, आणि बक्षीस त्या मेहनतीचं असतं. तोच फोटो तिला घरात मोठा करून लावायचा असेल तर तारा पुसायला माझी काहीच हरकत नाही.

मोबाइल धरलेला हात. इथे दुसरी हकीकत सांग. नार्सिसो कोंत्रेरास हा छायाचित्रकार असोसिएटेड प्रेससाठी सीरियातल्या युद्धाचे फोटो काढत होता. २०१३ सालचं, पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या चमूत तो होता. त्याच वर्षी काढलेल्या एका फोटोत एक बंडखोर सैनिक आडोसा घेतोय आणि खाली कोपऱ्यात दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलाय. कोंत्रेरासने तो कॅमेरा पुसून तिथे माती-दगड भरले. पुढे त्याने स्वतःच हे संपादकांना सांगितलं. संस्थेने त्याचे इतर शेकडो फोटो तपासले, त्यात दुसरा कुठलाही बदललेला फोटो सापडला नाही. तरीही जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याचे सगळे फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले.

या शिक्षेवर मुलं भांडतील. भांडू दे. मला स्वतःला ती फार जड वाटते, विशेषतः त्याने होऊन सांगितल्यावर. पण पुसण्याबद्दल संस्थेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कॅमेरा पुसल्यावर तो सैनिक तिथे एकटा आहे असं वाटतं. प्रत्यक्षात दुसरा पत्रकारही तिथे होता, आणि लढाईच्या जागी कॅमेरे आहेत की नाहीत ही बघणाऱ्यासाठी साधी गोष्ट नाही. तुमच्या रिंगणाचंही तसंच आहे. आज रिंगणात टाळ-मृदंगाइतकेच मोबाइलही वर झालेले असतात. ते पुसून आपण वारीला आपल्या मनातल्या जुन्या वारीसारखी करतो. पन्नास वर्षांनी कुणी हा फोटो पाहील तेव्हा त्याला आपल्या काळाची वारी दिसायला हवी. आणि तो हात होता कोपऱ्यात. कोपरा कापून टाकला असता तर कुणी हरकत घेतली नसती. रुदिकच्या क्रॉपवर कुठे कुणी घेतली? मुलांना हे समोर करून दाखव: एकच हात, एकदा पुसून आणि एकदा कापून.

घोडा. हा बदल मात्र मला खरोखर लागला. रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. दुसरा, माउलींचा, मोकळा असतो, कारण त्यावर स्वतः माउली बसलेले आहेत ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दोन घोडे एकमेकांवर आले की चौकटीत गिचमिड दिसते. एकच मोकळा घोडा धुळीतून धावताना दिसला तर फोटो फार देखणा होतो. तुझ्या मैत्रिणीच्या नजरेला ते जाणवलं, म्हणजे नजर चांगली आहे. पण पुसलेल्या फोटोत रिंगण एका घोड्याचं झालं. फलटणच्या माणसाला फरक लगेच कळेल. विदर्भातल्या किंवा परदेशातल्या, रिंगण कधीच न पाहिलेल्या माणसाला कळणार नाही आणि तो तेच खरं धरून बसेल. स्वाराचा अश्व का आहे आणि मोकळा अश्व मोकळा का आहे, हा प्रश्नच त्याला पडणार नाही, कारण मोकळ्या पाठीचा अर्थ शेजारच्या भरलेल्या पाठीमुळे कळतो. इथे परीक्षक म्हणून मीही फोटो बाजूला ठेवला असता. उपाय म्हणजे सलग फोटो काढणं. घोडे फेऱ्या मारतात आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त होत असतं. बर्स्टवर ठेवून बघत राहिलं, तर एकच घोडा चौकटीत असलेला क्षण खरोखरच मिळू शकतो. मग तो कुणी नाकारणार नाही, आणि खालच्या ओळीत दुसऱ्या अश्वाचा उल्लेख केला की झालं.

बगळ्यांवर थोडक्यात बोललीस तरी चालेल, पण घालण्याबद्दल एक हकीकत अवश्य सांग, कारण मुलांचा बचाव ठरलेला असतो: बगळे खरे आहेत, सूर्यास्तही खरा आहे, दोन्ही मीच काढलेत. २००३ साली ब्रायन वॉल्स्की हा 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा छायाचित्रकार इराकमध्ये बसऱ्याजवळ होता. एक ब्रिटिश सैनिक हाताने इशारा करून नागरिकांना आडोशाला बसायला सांगत होता. एका फोटोत सैनिकाचा हात छान आला होता. दुसऱ्यात मूल घेऊन येणारा माणूस छान आला होता. वॉल्स्कीने दोन्ही जोडून एक फोटो केला आणि तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आला. दोन्ही फोटो त्याचेच, एकाच जागचे, एकामागोमाग घेतलेले. तरीही सैनिकाने तो इशारा केला त्या क्षणी तो माणूस तिथे तसा नव्हता. जोडलेल्या फोटोत सैनिक त्या माणसालाच अडवतोय असं दिसतं. ते घडलंच नव्हतं. दुसऱ्या एका वर्तमानपत्रातल्या माणसांना मागे बसलेल्या गर्दीतले काही चेहरे दोनदा दिसले आणि बिंग फुटलं. वॉल्स्कीची नोकरी गेली.

भेसळ ओळखायची कशी, हेही त्यातूनच शिकवता येईल. गर्दीत किंवा पानांत तोच आकार दोनदा येतो का, ते मोठं करून बघायचं. सावल्या एकाच दिशेला पडतात का, ते बघायचं. त्या सूर्यास्तात सूर्य मागे आहे, म्हणजे समोरून जाणारे बगळे जवळजवळ काळे दिसायला हवेत. चिकटवलेल्या थव्यात पंख पांढरे चमकत असतील तर ते बगळे दुपारचे आहेत. तो फोटो पुन्हा उघडून बघ. परीक्षकांना इतर काही नाही तरी एवढं दिसायला हवं होतं.

'मग काहीच करायचं नाही का?' असा प्रश्न इथवर येता येता मुलं विचारतील. त्यासाठी गावातल्या एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओची आठवण कर. घरात आजोबांचा एकच जुना फोटो असतो, तोही घोळक्यातला. स्टुडिओवाला त्यातून त्यांना वेगळं काढतो, फाटलेला कोपरा भरतो, टचिंग करतो आणि आजीच्या फोटोशेजारी बसवून फ्रेम करून देतो. दोघांनी एकत्र फोटो कधी काढलाच नव्हता. मी याला खोटं म्हणत नाही. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, आणि आजीला तोच फोटो हवा असतो. कुणाचीही दिशाभूल होत नाही. तसंच मुलांनी कल्पनाचित्र करावं. बगळे काय, शाळेवर दोन चंद्र लावावेत, फक्त खाली लिहावं, 'दोन फोटो जोडून केलेलं चित्र'. फोटोग्राफीच्या स्पर्धांमध्येही वेगवेगळे विभाग याचसाठी असतात. ओपन विभागात बरंच काही चालतं. नेचर आणि फोटो जर्नालिझममध्ये काही घालणं, हलवणं, पुसणं चालत नाही. कापणं चालतं, धूळ काढणं चालतं. म्हणजे एकच फोटो एका विभागात प्रामाणिक आणि दुसऱ्यात अप्रामाणिक ठरू शकतो. तुमच्या स्पर्धेत विभाग नव्हते आणि नियम छापलेले नव्हते, असं दिसतं. तसं असेल तर दोघांना बाद करण्याआधी क्लबने स्वतःकडे बघायला हवं. हे सरांना एकटीने भेटून सांग, भाषणात नको.

फक्त आजीच्या त्या फोटोच्या मागे पेनाने एक ओळ लिहून ठेवावी, कारण फोटो माणसांपेक्षा जास्त टिकतो आणि माहीत असणारी माणसं जातात. अमेरिकेत ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी निदर्शकांवर गोळीबार केला. चार विद्यार्थी मेले. जॉन फिलो या विद्यार्थ्याने एक फोटो काढला: मृतदेहाजवळ गुडघ्यावर बसून आकांत करणारी एक मुलगी. त्याला पुलित्झर मिळालं. मूळ फोटोत तिच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब उभा आहे, डोक्यातून उगवल्यासारखा. पुढे कुणा अनामिक हाताने तो खांब पुसला, आणि ती प्रत अनेक ठिकाणी छापली गेली. 'लाइफ' मासिकाने १९९५ मध्ये खांब नसलेलीच प्रत छापली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. प्रतीवर कुठलीही खूण नव्हती, म्हणून पुढच्या संपादकांनी ती मूळ समजूनच वापरली. खांब पुसल्याने गोळीबार खोटा ठरत नाही, हे बरोबर. पण गोळीबाराचा पुरावा म्हणून ज्या फोटोकडे बघायचं, त्यातच कुणीतरी हात घातलाय, हे नंतर कळणं वाईट. शंका मग खांबापुरती राहत नाही.

वेळ उरला आणि कुणी विचारलं, की अजिबात एडिट न केलेला फोटो तरी खरा असतोच ना, तर त्याचंही उत्तर तयार ठेव. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ साली मार्सियो काब्राल यांचा ब्राझीलमधला एक फोटो एका विभागात जिंकला होता. रात्र, चमचमणारं वारूळ आणि त्याकडे येणारं मुंगीखाऊ. फाइलमध्ये कुठे पुसलेलं नव्हतं. पण त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात पेंढा भरलेलं एक मुंगीखाऊ होतं, आणि तज्ज्ञांनी अंगावरचे पट्टे आणि केसांचे झुबके जुळवून पाहिले तेव्हा ते दोन्ही एकच प्राणी वाटले. काब्राल यांनी हे नाकारलं. त्यांनी आधीच्या-नंतरच्या फाइल दिल्या, पण त्यांपैकी एकीतही तो प्राणी नव्हता. २०१८ मध्ये बक्षीस रद्द झालं. यातून क्लबने एक सवय उचलावी: स्पर्धेला दिलेल्या फोटोची मूळ फाइल आणि त्याच्या मागचेपुढचे दोन-चार फोटो निकाल लागेपर्यंत डिलीट करायचे नाहीत. फोनवर काढणाऱ्यांनी आधी ब्युटी मोड आणि फिल्टर बंद करावेत, नाहीतर मूळ फाइलच बदललेली निघेल.

दहा मिनिटांत हे सगळं बसणार नाही, बसवूही नकोस. रुदिकचे दोन फोटो, धुळीचा ठिपका, रिंगणाचा फोटो आणि वॉल्स्की, एवढ्यावर भाषण होतं. बाकीचं प्रश्नोत्तरांसाठी खिशात ठेव. शाळेच्या प्रोजेक्टरवर गडद भाग सहसा चिखलासारखा एकसारखा दिसतो आणि रुदिकचं ते पाऊल मागच्या बाकांवरून अजिबात दिसणार नाही. म्हणून तेवढाच भाग मोठा करून वेगळी स्लाइड कर, आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत, पडदे लावून, तपासून बघ.

आणि रिंगणाच्या फोटोबद्दल: तो दाखवण्याआधी मैत्रिणीला विचार. ती हो म्हणाली तरी तिचं नाव घेऊ नकोस. नाही म्हणाली तर स्वतःचा एखादा फोटो घे, त्यातली तार, त्यातला हात तूच पुस आणि मुलांसमोर एक एक पायरी उलगडून दाखव. तिच्या फोनमध्ये त्या दिवसाचे आणखी फोटो असतीलच. भाषणानंतर दोघी मिळून ते चाळा. दोन्ही घोडे असलेला, तारा असलेला एखादा चांगला फोटो त्यात निघाला, तर सरांना विचारा, तो स्पर्धेबाहेर का होईना, क्लबच्या फळ्यावर लावता येईल का.